71.74 टक्क्यांच्या वर कोण?

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएसचा मार्च 2024 अखेरचा वार्षिक अहवाल उघडा. भागभांडवलाच्या टिपेत एक वाक्य सापडेल: टाटा सन्स प्रायव्हेट लिमिटेड ही होल्डिंग कंपनी असून तिच्याकडे 71.74 टक्के भाग आहेत. शेअर बाजाराला दर तिमाहीला जाणाऱ्या भागधारणेच्या तक्त्यातही प्रवर्तक म्हणून तेच नाव असते. कायद्याने मागितले तेवढे कंपनीने सांगितले आणि कागद तिथेच थांबला.

टाटा सन्सच्या वर कोण, हे वर्तमानपत्र वाचणारा कोणीही सांगेल: टाटा ट्रस्ट. पण ते त्याला ऐकून ठाऊक आहे, टीसीएसच्या कागदातून कळलेले नाही. टाटांची गोष्ट प्रसिद्ध आहे म्हणून हे चालून जाते. एखाद्या अनोळखी कंपनीच्या डोक्यावर धर्मादाय संस्था बसलेली असेल तर सामान्य भागधारकाला ते कळायला मार्ग काय? मार्ग आहे, पण तो तीन खात्यांच्या कपाटांतून जातो. हे तुकडे जोडण्याचे काम वाचणाऱ्यावर टाकू नये, ते भागधारणेच्या तक्त्यातच व्हावे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. तसे का, ते टाटांचेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

सेबीच्या सूचिबद्धता नियमावलीतल्या 31व्या नियमाप्रमाणे प्रत्येक सूचिबद्ध कंपनीला तिमाही संपल्यापासून 21 दिवसांत भागधारणेचा तक्ता बाजाराकडे द्यावा लागतो. त्याचे पाच भाग असतात. पहिल्यात गोषवारा, दुसऱ्यात प्रवर्तक आणि त्यांचा गट, तिसऱ्यात जनता, चौथ्यात या दोन्हींत न बसणारे आणि पाचव्यात ‘महत्त्वाचे लाभार्थी मालक’. धर्मादाय मालकी शोधणाऱ्याने दुसऱ्या तक्त्यापासून सुरुवात करावी. तिथे एखादी खाजगी कंपनी मोठा वाटा धरून बसलेली दिसली की पुढची पायरी त्या कंपनीचे कागद.

ते कागद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर `View Public Documents` या सोयीत मिळतात. एका कंपनीमागे 100 रुपये शुल्क भरावे लागते. तिथे शोधायचे ते `MGT-7` हे वार्षिक विवरणपत्र आणि त्याला जोडलेली भागधारकांची यादी. खाजगी कंपनीचा भागधारणेचा तक्ता बाजारात येत नाही, पण ही यादी तिलाही टाळता येत नाही. टाटा सन्सची यादी पाहिली तर चित्र एकदम बदलते. प्रत्येकी 1,000 रुपये दर्शनी किमतीचे सुमारे 4 लाख 4 हजार साधे शेअर, आणि त्यांपैकी सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे 27.98 टक्के, सर रतन टाटा ट्रस्टकडे 23.56 टक्के, बाकीच्या अर्धा डझन लहान ट्रस्टांकडे चार टक्क्यांपासून अगदी 0.10 टक्क्यापर्यंत. सगळ्यांची बेरीज 65.9 टक्के. उरलेल्यात शापूरजी पालनजी गटाच्या दोन कंपन्यांकडे मिळून 18.4 टक्क्यांच्या आसपास आणि टाटांच्याच काही कंपन्यांकडे थोडे थोडे.

आता गुणाकार. 71.74 टक्क्यांचे 65.9 टक्के म्हणजे साधारण 47.3 टक्के. टीसीएसच्या प्रत्येक 100 रुपयांच्या किमतीतले 47 रुपये हिशेबाने धर्मादाय ट्रस्टांच्या वाट्याचे आहेत. हा आकडा तुम्हाला टीसीएसच्या कुठल्याही कागदात छापलेला मिळणार नाही.

यादी वाचताना नावाला भुलू नये. ‘ट्रस्ट’ हा शब्द भागधारकांच्या यादीत तीन-चार वेगवेगळ्या अर्थांनी येतो. कर्मचाऱ्यांना शेअर देण्यासाठी कंपनीने काढलेला कल्याण ट्रस्ट असतो. तो बहुधा चौथ्या तक्त्यात दिसतो आणि त्याचा धर्मादायाशी संबंध नसतो. प्रवर्तकांचा कौटुंबिक ट्रस्ट असतो. त्याचे लाभार्थी म्हणजे मुले-नातवंडे. 2022 पासून तिसऱ्या तक्त्यात, म्हणजे जनतेच्या रकान्यात, ज्या ट्रस्टात प्रवर्तक विश्वस्त, लाभार्थी किंवा संस्थापक आहे अशांसाठी वेगळी ओळ आली. सुधारणा चांगली, पण तो ट्रस्ट नातवंडांसाठी आहे की इस्पितळासाठी, हे त्या ओळीवरूनही समजत नाही. आणि ‘फाउंडेशन’ या शब्दाने तर हमखास घोटाळा होतो. वार्षिक अहवालात सामाजिक उत्तरदायित्वाच्या परिशिष्टात कंपनीच्या नावाचे फाउंडेशन दिसते, आणि वाचणारा समजतो की कंपनी या फाउंडेशनची आहे. बाण नेमका उलटा असतो. ते फाउंडेशन बहुधा कंपनीच्या नफ्यातल्या सक्तीच्या दोन टक्क्यांवर चालते, कंपनीत सहसा त्याचा एकही शेअर नसतो. मालक आणि देणगी घेणारा यांतला फरक ओळखायचा तर परिशिष्ट मिटवून भागधारकांची यादीच उघडावी लागते.

ट्रस्ट खरोखर सार्वजनिक आहे का, हे महाराष्ट्रात तपासता येते. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी क्रमांक असतो आणि त्याच्या आधी एक अक्षर असते. पारशी धार्मिक विश्वस्त निधीला ‘सी’, सर्वांसाठी खुल्या धर्मादाय संस्थेला ‘ई’, सोसायटीला ‘एफ’. कौटुंबिक ट्रस्टकडे असा क्रमांक नसतो. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि दरवर्षी लेखापरीक्षित ताळेबंद परिशिष्ट आठच्या नमुन्यात, उत्पन्न-खर्च परिशिष्ट नऊच्या नमुन्यात. ट्रस्टकडे कोणते शेअर आहेत, हे ताळेबंदाच्या गुंतवणूक या शीर्षाखाली शोधायचे. तिथे एक गंमत होते: जुन्या देणगीतले शेअर अनेकदा मिळाले त्या काळच्या किमतीला लिहिलेले असतात. हजारो कोटींची मालकी ताळेबंदात किरकोळ रकमेची दिसू शकते. म्हणून रुपयांचा रकाना सोडून शेअरची संख्या पाहावी, आणि तीच कंपनीच्या यादीशी ताडून घ्यावी.

टाटांसारखी रचना भारतात एवढी विरळ का, याचे उत्तर आयकर कायद्यात आहे. सर रतन टाटा ट्रस्ट 1919 चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट 1932 चा. 1961 च्या आयकर कायद्याने पुढे धर्मादाय संस्थांनी पैसा कुठे गुंतवावा याची यादीच ठरवून दिली, आणि खाजगी कंपनीचे साधे शेअर त्या यादीत नाहीत. ते बाळगले तर करसवलत धोक्यात येते. सूट फक्त 1 जून 1973 रोजी ट्रस्टच्या मूळ निधीत असलेल्या मालमत्तेला आणि त्या शेअरवर मिळालेल्या बोनस शेअरला. म्हणजे या तारखेनंतर एखाद्या उद्योजकाला आपली कंपनी सरळ धर्मादाय ट्रस्टच्या नावे करायची असेल तर कायदाच आडवा येतो. मग वाट वाकडी करावी लागते.

विप्रोकडे पाहिले की ही वाकडी वाट दिसते. 1945 साली जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली ही कंपनी. (अमळनेरच्या कित्येक घरांत तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण तो वेगळा विषय.) मार्च 2019 मध्ये अझीम प्रेमजी यांनी आपल्या ताब्यातल्या आणखी 34 टक्के शेअरचे आर्थिक लाभ परत न घेण्याच्या अटीवर धर्मादाय कामाला दिले; आधीचे धरून एकूण 67 टक्के आर्थिक मालकी त्या कामाकडे गेली. त्या वेळच्या प्रवर्तकांच्या तक्त्यात मात्र मोठे वाटे हशम ट्रेडर्स, प्राझिम ट्रेडर्स, झॅश ट्रेडर्स अशा भागीदारी पेढ्यांच्या नावे मिळतात. तक्त्यावरून कोणी म्हणेल, ही एका कुटुंबाची कंपनी. अमेरिकेच्या बाजारासाठी विप्रो जो `20-F` अहवाल देते, त्यातल्या मोठ्या भागधारकांच्या कलमाखालच्या टिपा वाचल्याशिवाय साखळी उलगडत नाही. एकाच कंपनीची मालकी समजून घ्यायला अमेरिकी नियामकाचा नमुना आपल्यापेक्षा जास्त उपयोगी पडावा, हे खटकते.

आता या विषयाचा खरा गाभा. ‘मालक’ या एका शब्दात दोन हक्क असतात: फळ कोणाला आणि मत कोणाचे. धर्मादाय मालकीत हे दोन्ही वेगळे निघण्याची शक्यता मोठी असते, आणि टक्केवारी वाचणारा तिथेच फसतो.

बॉशचे उदाहरण सर्वांत स्वच्छ. नाशिकला ज्यांचा कारखाना आहे त्या बॉश लिमिटेडच्या प्रवर्तकांत तिच्या जर्मन गटाच्या कंपन्या आहेत. साखळीच्या टोकाला रॉबर्ट बॉश जीएमबीएच, आणि तिच्या भांडवलातला सुमारे 94 टक्के वाटा रॉबर्ट बॉश स्टिफ्टुंग या धर्मादाय संस्थेकडे. पण त्या 94 टक्क्यांवर मतदानाचा हक्क नाही. 1964 पासून मते एका वेगळ्या विश्वस्त भागीदारीकडे आहेत, साधारण 93 टक्के. लाभांश धर्मादायाला, निर्णय दुसऱ्याला, असे ते मुद्दाम बांधलेले आहे. डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कमध्ये याच्या उलट. फाउंडेशनच्या मालकीच्या कंपनीकडे भांडवल फक्त 28 टक्क्यांच्या आसपास, पण जास्त मतांच्या अ वर्गातल्या शेअरमुळे मते 77 टक्के. बाजारात बाकी कोणी कितीही शेअर घेतले तरी कंपनी फाउंडेशनच्या हातून जात नाही. आणि हे सगळे नोवो नॉर्डिस्क आपल्या वार्षिक अहवालातच, आकडे समोरासमोर ठेवून सांगते.

टाटांच्या बाबतीत मत आणि फळ यांचा इतिहास आणखी गुंतागुंतीचा आहे. 1963 च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात अशी तरतूद आली, की ठरावीक मर्यादेपुढच्या ट्रस्टांच्या शेअरवरचा मताधिकार सरकारने नेमलेल्या पब्लिक ट्रस्टीकडे जावा. 2000 च्या दुरुस्तीने ती गेली. मधली 37 वर्षे कागदावर ट्रस्ट मालक होते आणि त्यांच्या शेअरवर हात वर करण्याचा कायदेशीर हक्क दुसऱ्याचा होता. त्या काळातली भागधारकांची यादी नुसती वाचून नियंत्रणाविषयी काही म्हणणे चुकीचे ठरले असते.

आजचे नियंत्रण समजायचे तर टक्केवारी पुरत नाही, कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स, वाचावी लागते. तीही मंत्रालयाच्या त्याच संकेतस्थळावर असते. टाटा सन्सच्या बाबतीत आणखी सोपा मार्ग म्हणजे सायरस मिस्त्री प्रकरणातला 26 मार्च 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्यात महत्त्वाची कलमे उद्धृत केलेली आहेत. 104 बी सांगते की टाटा ट्रस्टांकडे मिळून किमान 40 टक्के भांडवल असेपर्यंत दोन मोठ्या ट्रस्टांना एक तृतीयांश संचालक सुचवता येतील. 121 सांगते की काही निर्णयांना या संचालकांपैकी बहुसंख्यांची संमती लागेल. लक्षात घ्या, 65.9 टक्के मालकाला साध्या बहुमताने संचालक मंडळच नेमता आले असते. तरीही ही कलमे आहेत, कारण खरा हुकूम चालतो तो नकाराधिकारातून. आणि 40 टक्क्यांची ती मर्यादा सांगते, की उद्या ट्रस्टांचा वाटा बराच घटला तरी दोर हातातच राहावा अशी सोय केलेली आहे.

फळाचे काय? 2023-24 साठी टीसीएसने प्रत्येक शेअरमागे 73 रुपये लाभांश दिला. टाटा सन्सच्या वाट्याला त्यातले सुमारे 19 हजार कोटी आले. वरच्या गुणाकाराने पाहिले तर त्यातले साडेबारा हजार कोटी ‘ट्रस्टांचे’. प्रत्यक्षात टाटा सन्सने त्या वर्षासाठी आपल्या शेअरमागे 35,000 रुपये, म्हणजे एकूण सुमारे 1,415 कोटी लाभांश दिला, आणि ट्रस्टांच्या हाती आले साधारण 930 कोटी. बाकीचा पैसा कर्जफेडीत आणि गटाच्या नव्या-जुन्या व्यवसायांत गेला. यात गैर काही नाही. ती मूल्यवृद्धी शेवटी त्याच भागधारकांची. पण ‘टीसीएसचा जवळजवळ अर्धा नफा दानधर्माला जातो’ असे जे म्हटले जाते, ते चुकीचे आहे. मधल्या कंपनीच्या लाभांशाचा दर पाहिल्याशिवाय हे विधान करू नये.

इतके सगळे शोधायला कोणाला वेळ आहे, असा प्रश्न पडला असेल तर तो रास्त आहे. त्यावर सरकारी उत्तर असे असते की यासाठी कायद्याने ‘महत्त्वाचे लाभार्थी मालक’ ही व्यवस्था केली आहे. कंपनी कायद्याचे कलम 90 आणि 2018 चे नियम, फेब्रुवारी 2019 मध्ये सुधारलेले. 10 टक्के किंवा अधिक हक्क अप्रत्यक्षपणे ज्या माणसाकडे पोचतो त्याने `BEN-1` हा फॉर्म कंपनीला द्यायचा, कंपनीने `BEN-2` सरकारकडे भरायचा. आमच्या मते धर्मादाय मालकीपुढे ही व्यवस्था दोन ठिकाणी तोकडी पडते.

पहिले म्हणजे ती माणूस शोधते. भागधारक धर्मादाय ट्रस्ट असेल तर नियम म्हणतो, विश्वस्ताला धरा. कौटुंबिक ट्रस्टमध्ये लाभार्थी नेमलेला असेल तर त्याला, संस्थापकाला ट्रस्ट मोडता येत असेल तर त्याला, पण धर्मादायात विश्वस्ताला. म्हणजे ज्या माणसाला त्या शेअरचा एक पैसाही स्वतःसाठी घेता येत नाही, त्याचे नाव ‘लाभार्थी मालक’ म्हणून नोंदले जाते. काळा पैसा शोधण्यासाठी हे ठीक. मागे निर्णय घेणारा माणूस कोण, हे कळते. पण वाचणाऱ्याला त्यातून नेमका उलटा बोध होतो. फॉर्ममध्ये माणसाचे नाव ठळक दिसते आणि मागची संस्था धर्मादाय आहे, ही खरी बातमी दडून जाते.

दुसरी अडचण 50 टक्क्यांच्या उंबरठ्याची. मधे एखादी कंपनी असेल, तर तिच्यात निम्म्याहून अधिक हिस्सा असणाऱ्यापर्यंतच साखळी वर चढते. टाटा सन्समध्ये ट्रस्टांचे मिळून 65.9 टक्के, पण सर्वांत मोठ्याचेही 27.98. एकेकटा ट्रस्ट मोजला तर निम्म्यावर कोणीच नाही. ‘एकत्र वागणारे’ अशी एक तरतूद नियमात आहे, पण त्यासाठी समान हेतू आणि औपचारिक किंवा अनौपचारिक समझोता ठरवावा लागतो. साध्या बेरजेने जे दिसते, ते कायद्यात वादाचा विषय होते. हिशेबाच्या नियमांचेही तसेच. ट्रस्ट ही ‘बॉडी कॉर्पोरेट’, म्हणजे कंपनीसारखी स्वतंत्र कायदेशीर संस्था, नाही, त्यामुळे ती होल्डिंग कंपनी ठरत नाही, तिला एकत्रित ताळेबंद करावा लागत नाही, आणि वार्षिक अहवालाची टीप टाटा सन्सपाशी येऊन थांबते.

यावर उपाय म्हणून नवा कायदा नको आणि नवा फॉर्मही नको. भागधारणेच्या दुसऱ्या तक्त्यात प्रवर्तक कंपनीच्या नावापुढे दोन रकाने वाढवावेत. एकात, त्या कंपनीत 10 टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेल्या सार्वजनिक धर्मादाय संस्थांची नावे आणि नोंदणी क्रमांक; एका कारभाराखालचे ट्रस्ट असतील तर त्यांची बेरीज धरून. दुसऱ्यात, त्या हिश्श्यावर मत देण्याचा हक्क त्याच संस्थेकडे आहे की दुसऱ्या कोणाकडे, एवढेच. कंपन्या म्हणतील, आमच्या भागधारकाचे भागधारक आम्हाला कुठून ठाऊक? पण ही माहिती `MGT-7` मध्ये दरवर्षी जातेच, आणि प्रवर्तक कंपनीला विचारणे टपालाच्या एका पत्राचे काम आहे.

खाजगीपणाचा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि कौटुंबिक ट्रस्टांपुरता तो आम्हाला मान्य आहे. कोणाच्या नातवाला किती, हे बाजाराला सांगायची गरज नाही. मात्र सार्वजनिक विश्वस्त संस्था नावाप्रमाणेच सार्वजनिक असते. तिने करसवलत घेतलेली असते, तिची नोंदवही लोकांना पाहता येते आणि शुल्क भरून नक्कल मागता येते. जे वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून मिळते, तेच शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर लिहिल्याने कोणाचा खाजगीपणा मोडतो, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे. तोवर एखाद्या कंपनीच्या प्रवर्तकांत अपरिचित खाजगी कंपनी दिसली, तर 100 रुपये भरून तिची भागधारकांची यादी काढावी, यादीतल्या ट्रस्टांची बेरीज स्वतः करावी आणि नियमावलीत ‘संमती’ हा शब्द कुठे कुठे येतो ते पाहावे.